दुसरं वाक्य

नांदेड, ३ जानेवारी

धम्मदीप, जयभीम.

फोन लागत नाही. म्हणजे लागतो, पण माझाच लागत नाही. दवाखान्यातल्या उज्वलाच्या फोनवरून लावला तर दोन रिंगमध्ये उचललास आणि माझा आवाज ऐकून ठेवलास. चौतीस वर्षांचा माणूस, जिल्ह्याची माती तपासतो आणि एका बाईचा फोन घ्यायची हिंमत नाही! म्हणून हे पत्र. ते ब्लॉक होत नाही. फाडून टाकलंस तरी आधी पाकीट फोडावं लागेल आणि एकदा फोडलंस की तू वाचणार, तेवढा तुला मी ओळखते.

तुझा शेवटचा मेसेज माझ्याजवळ आहे. 'कळलं मला. टाइमपासच करायचा होता तर तसं सांगायचं.' मी तो दहादा वाचला आणि दहाही वेळा मला राग आला. कारण टाइमपास करायचा नाही हे मीच तुला सांगितलं होतं, तोंडाने, भर दुपारी, अहमदपूरच्या स्टँडसमोर मुरमुऱ्याच्या सुशीलाची प्लेट पुढ्यात असताना. आठव. मी म्हणाले, "मला हे नुसतं भेटणं-बोलणं म्हणून नको आहे. लग्नाच्या दिशेने जाणारं पाहिजे." तू एक घास घेतलास, मिरची बाजूला काढलीस आणि म्हणालास, "हाव. मलाबी."

त्यानंतरच्या रविवारी माझ्या दारात दोन जीपा!

मी गाऊनवर होते, धम्मदीप. केसांना तेल लावलेलं. आईने दार उघडलं तर समोर तुझे बाबा, तुझे व्यंकटी मामा आणि मी आयुष्यात न पाहिलेले सहा पुरुष, फळांची टोपली, साडीचा बॉक्स, निलंग्याचे पेढे. सगळ्यांच्या मागे तू, इस्त्रीच्या शर्टात. तू मला एक मेसेज केला नव्हतास. आईचा तर आनंदाने तोल गेला. माझे बाबा गेल्यापासून आमच्या घरी एवढे पाहुणे आले नव्हते. ती शेजारच्या तारामतीकाकूंकडून कप आणायला पळाली.

मग मामांनी मला बसवलं आणि विचारलं, "नाव काय बाई तुझं?" नाव माहीत नसताना साडी घेऊन आलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. शिक्षण विचारलं. फिजिओथेरपी म्हणजे मालिश का, ते विचारलं. पुढच्या महिन्यातली तारीख काढली. मी तुझ्याकडे बघत होते आणि तू आमच्या फरशीकडे. तिथून मान वर केली असतीस, फक्त एकदा, तर मी कदाचित गप्प बसले असते. नाही केलीस. म्हणून मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आज काही ठरवायचं नाही. आम्ही अजून एकमेकांना ओळखून राहिलो."

मामा म्हणाले, "चार महिने झाले म्हणं. आजून काय ओळखून राहिले?"

 तुझ्या बाबांनी चहा संपवला, कप आईच्या हातात दिला आणि उठले. पेढे मात्र टेबलावरच राहिले. आई ते कुणाला वाटत नाही आणि फेकतही नाही.

तुझा अपमान झाला हे मला कळतं. तुमच्या निलंग्यात आता 'पोरीनं पाहुणे माघारी लावले' असं झालं असणार. पण तू समजतोस ते खरं नाही आणि ते समोर बसून सांगायचं आहे. १० तारखेला दुसरा शनिवार आहे. मी नेहमीच्या बसने अहमदपूरला उतरेन. ये.

लुंबिनी

नांदेड, ११ जानेवारी

धम्मदीप,

आला नाहीस. ठीक.

हॉटेलवाल्या बसलिंगप्पांनी न विचारता दोन प्लेटी लावल्या. मी म्हणाले, एकच. ते म्हणाले, "साहेब येतील की, लातूरची गाडी आजून लागायचीय." लातूरच्या तीन गाड्या लागल्या आणि गेल्या. दुसरी प्लेट मीच खाल्ली, तू बाजूला काढतोस त्या मिरच्यांसकट. परतीच्या बसमध्ये लोहा गाव येईपर्यंत रडले आणि पुढे झोपले. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं आहे तर राहू दे.

तिथे बसून एक गोष्ट मात्र ध्यानात आली. तू मला अर्धंच ऐकलंस, कारण मी अर्धंच बोलले.

त्या दिवशी काय बोलायचं, याची मी आठवडाभर तयारी केली होती. हस. उज्वला साक्षीदार आहे. आमच्या व्यायामाच्या खोलीत, दोन पेशंटच्या मधे, मी तिला एकेक वाक्य म्हणून दाखवायची आणि ती तोंड वाकडं करायची. 'आपलं नक्की काय चाललंय?' ती म्हणाली, हे पोलिसासारखं वाटतं. 'तुझा काय विचार आहे?' ती म्हणाली, म्हणजे त्यानं आधी गळ्यापर्यंत पाण्यात जायचं आणि तू काठावर उभी राहणार. 'घरचे मागे लागलेत.' हे तर साफ खोटं. आईने दोन वर्षांपूर्वीच हात टेकलेत. लग्न मला पाहिजे, तर आईच्या पदराआड कशाला लपायचं?

शेवटी ठरवलं की आधी माझं सांगायचं, मला काय पाहिजे ते. पहिल्या भेटीत नाही, कारण अनोळखी माणसासमोर लग्नाचं नाव काढलं की तो चप्पल शोधतो. फार उशिराही नाही. उशिराची किंमत मी एकदा मोजली आहे. तुझ्या आधी एक जण होता. दोन वर्षं आम्ही भेटलो आणि कुणीच काही म्हणालं नाही. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मी कुठं काय म्हणालो होतो?" आणि खरंच, त्याने काहीच म्हटलं नव्हतं. त्याच्यावर रागसुद्धा धरता येईना.

फोनवर बोलायचं नाही, हेही ठरवलं. बस सुटायच्या वेळी तर नाहीच, नाहीतर माणूस उत्तराऐवजी बस पकडतो. हातात तास-दीड तास असावा. समोरासमोर न बसता बाजूला बसावं, म्हणजे त्याला रस्त्याकडे बघता येतं. आणि बोलून झालं की आपण गप्प राहायचं. हे सगळं मी केलं, शेवटचं सोडून.

पण वाक्यं दोन होती, धम्मदीप. पहिलं मी म्हणाले. दुसरं असं होतं: 'पण तुझ्याशीच, असं मी आज म्हणत नाही. तू मला आवडतोस. ते तूच आहेस का, हे कळायला आपल्या दोघांनाही वेळ पाहिजे आणि तुझं उत्तर वेगळं असेल तर तेही चालेल.'

पेशंटचा आखडलेला गुडघा वाकवताना मी आधी सांगते, एवढा वाकवणार आहे, आणि दुखलं की हात वर करा, मी थांबेन. दुसरा भाग सांगितला नाही तर पेशंट पहिल्याच भागाला पाय आवळून धरतो. रोज करते हे काम. आणि नेमक्या वेळी दुसरा भाग गिळला.

का गिळला सांगते. तू 'हाव' म्हणालास. इतक्या पटकन की मी हरखून गेले. वाटलं, आता पुढचं बोलले तर हा म्हणेल, हिचंच नक्की नाही. हातात आलेला 'हाव' कुठे परत जाईल या भीतीने मी पाणी मागवलं आणि लोह्याच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलायला लागले. त्या 'हाव'चा तुझ्या मनातला अर्थ काय, एवढं तरी विचारायचं होतं.

पण म्हणून जीपा आणायच्या? माझी चूक गिळण्याची, तुझी न विचारता माणसं आणण्याची. माझी चूक मी लिहून दिली आहे. आता तुझी पाळी.

लुंबिनी

लातूर, १९ जानेवारी

लुंबिनी, जयभीम.

दोन्ही पत्रं मिळाली. पाकीट फोडणार नव्हतो. फोडलं.

मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. मातीचे रिपोर्ट लिहितो, त्यात दोन ओळी असतात. तरी लिहून राहिलो.

मी माणसं का आणली ते सांगतो. पंचशीलाताईला, माझ्या मोठ्या बहिणीला, एक मुलगा भेटायचा. चांगला शिकलेला, आपल्यातलाच. रोज म्हणायचा, मी लई सिरीयस हाय. बाबा म्हणाले, मग घरची माणसं कधी येणार? तो म्हणायचा, बघू, वेळ द्या. दोन वर्षं वेळ दिला. मग त्याचं लग्न पुण्यात झाल्याचं आम्हाला फोटोत दिसलं. ताई त्यानंतर वर्षभर कुणाच्या लग्नाला गेली नाही. तेव्हा बाबांनी मला सांगितलं, "कोण्या पोरीला हाव म्हणालास तर आठ दिवसात माणसं घेऊन जायाचं. न्हाई तर हाव म्हणायचं न्हाई." तू विचारलंस, मी हाव म्हणालो. आमच्यात हाव म्हणणं म्हणजे तेच. मला वाटलं, उशीर केला तर तू म्हणशील हाही तसलाच निघाला. तू घाबरून जाऊ नये म्हणून मी जीपा आणल्या. आता लिहिताना मलाच कसंतरी वाटून राहिलं.

मेसेज केला नाही कारण मामा म्हणाले, मुलीला आधी सांगायची रीत नाही. फरशीकडं बघत होतो कारण तुझा चेहरा बघवत नव्हता.

खरं सांगू का. तुझं दुसरं वाक्य त्या दिवशी ऐकलं असतं तर मी भ्यालो असतो. 'वेळ पाहिजे' हे आमच्या घरात लई वाईट वाक्य आहे. नाही म्हणायची ती सभ्य रीत आहे. आता तूच सांग, वेळ म्हणजे किती? आणि त्या वेळात आपण काय करायचं? नुसतं सुशीला खायचं का?

मामा अजून चिडलेले आहेत. बाबा मात्र परवा म्हणाले, "पोरगी खरी हाय. आपल्या तोंडावर बोलली. त्या पुण्याच्या पोरानं एवढं केलं असतं तर पंचशीला वाचली असती."

फोन आता लागतो. पण तू पत्रच लिही. फोनवर मला उत्तर सुचत नाही.

धम्मदीप

नांदेड, २४ जानेवारी

धम्मदीप,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं, मामांचा भाग सोडून. ती म्हणाली, "लेकरू चांगलं हाय, तूच आडदांड हायस." महिन्याभराने माझ्याशी बोलली, तेही हे. पण पेढ्यांचा बॉक्स आज तिने स्वतः उचलून बाहेर ठेवला.

पंचशीलाताईंचं मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर 'वेळ' हा शब्द तुझ्यासमोर एवढ्या मोकळेपणाने आणला नसता. तुला राग नव्हता, भीती होती. मलाही तीच होती. मी भिऊन वाक्य गिळलं आणि तू भिऊन आठ माणसं आणलीस. एकमेकांना घाबरवू नये म्हणून आपण दोघांनी काय काय केलं बघ.

आता तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते. सरळ देते, गोड करत नाही.

वेळ म्हणजे जूनपर्यंत. तुझ्याकडे पेरणीआधीच्या मातीच्या पिशव्यांची गर्दी संपते तिथपर्यंत. त्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दोघांनी एकमेकांना हो किंवा नाही म्हणायचं. 'बघू' म्हणायचं नाही. ज्या वेळाला शेवट नाही तो वेळच नव्हे, हे तुझ्या बाबांचं मला पूर्ण पटलं.

नुसतं सुशीला खायचं नाही. आपल्याला बोलायच्या गोष्टी आहेत आणि त्या अवघड आहेत. माझी आई एकटी आहे. मी लग्न करीन तर ती माझ्याबरोबर राहील. ती पाहुणी म्हणून नाही, घरची म्हणून. हे तुला आणि तुझ्या घराला चालेल का, ते मला हवेत नको, शब्दात पाहिजे. मी काम सोडणार नाही. लातूरला दवाखाने आहेत, मी येऊ शकते, पण 'येऊ शकते' आणि 'आलंच पाहिजे' यात फरक आहे. तुझ्याही अशा अटी असतील. पंचशीलाताई तुझ्याकडेच राहतात आणि पुढेही राहतील, हे मी गृहीत धरते. चुकत असेन तर सांग. पगार, मुलं, कर्ज, दुखणी, सगळं काढू. तू माती कशी तपासतोस? एका ठिकाणची मूठ घेऊन नाही ना. शेताच्या चार कोपऱ्यांतून घेतोस. मलाही तसंच तपास.

तोपर्यंत मी दुसरं स्थळ बघणार नाही. वधू-वर मेळाव्यात आईने मागे कधीतरी भरलेलं नाव काढून घेतलं, कालच. हे तुझ्यावर ओझं नाही. तू मागितलेलं नाहीस. मला तसं करायचं होतं म्हणून केलं. तूही तसं करावंस असं वाटतं, पण ते तू तुझ्या तोंडाने सांगायचं, मी काढून घेणार नाही.

आणि घरच्यांना लपवायचं नाही. हे फार महत्त्वाचं. आपल्याकडे दोनच कप्पे आहेत: एकतर पोरगी लपवलेली, नाहीतर तारीख काढलेली. मला मधला पाहिजे. घरी माहीत आहे, माणसं ओळखीची आहेत, पण साडी-पेढे अजून नाहीत. त्याला नाव नसलं तर नसू दे. आपण तसं वागलो की लोक नाव ठेवतीलच, दोन्ही अर्थांनी!

हे वाचून नको वाटलं तर 'नको' लिही. एका ओळीचं पत्र पाठव, मी रडेन, लोह्यापर्यंत किंवा थोडं पुढेपर्यंत आणि मग कामाला जाईन. खरंच. पण नको वाटत असताना मला बरं वाटावं म्हणून हाव म्हणू नकोस. आणि हो वाटत असताना मामांच्या रागापायी गप्प बसू नकोस.

एक राहिलं. पहिल्या वाक्याच्याही आधी म्हणायचं होतं ते मी तुला कधी म्हणालेच नाही. तू मला फार आवडतोस, धम्मदीप. मुदखेडच्या लग्नात तू पंगतीत वरण वाढत होतास आणि एका म्हाताऱ्या बाईने चौथ्यांदा मागितलं तेव्हा भांडंच तिच्याजवळ ठेवून तिच्या शेजारी बसलास. तेव्हापासून.

पुढचा दुसरा शनिवार १४ फेब्रुवारीला येतो. तो योगायोग आहे. त्याचा काही अर्थ लावून गुलाब-बिलाब आणू नकोस, बसलिंगप्पा आयुष्यभर हसतील.

लुंबिनी

नांदेड, १५ फेब्रुवारी

आदरणीय व्यंकटी मामांना,

सविनय जयभीम. मी लुंबिनी, महामायाबाईंची मुलगी. तुम्ही नाव विचारलं होतं, तेव्हा मी नीट सांगितलं नव्हतं.

धम्मदीप म्हणाला, मामांना तूच लिही, माझं ऐकत नाहीत. म्हणून लिहिते.

त्या रविवारी तुम्ही वडीलधाऱ्या माणसांना घेऊन, चार पैसे खर्चून, आमच्या दारी आलात. तुम्ही आलात तो मान होता, हे मला तेव्हाही कळत होतं. तुम्हाला रिकाम्या हाताने जावं लागलं त्याचं वाईट वाटतं. जे बोलले त्याचं मात्र वाईट वाटत नाही. तसंच बोलायला पाहिजे होतं, फक्त धम्मदीपशी आधी बोलायला पाहिजे होतं.

काल आम्ही अहमदपूरला भेटलो. तो माझ्या आधी येऊन बसला होता. खिशातून घडी केलेला कागद काढला आणि बघून वाचायला लागला. मग कागद ठेवून दिला आणि रस्त्याकडे बघत बोलला. मी सगळं लिहिणार नाही, ते माझं आहे. एवढंच सांगते, की माझ्या आईबद्दल त्याने आधी तुमच्या बहिणीला, म्हणजे त्याच्या आईला, विचारलं होतं आणि मग मला उत्तर दिलं. एका गोष्टीवर आमचं भांडणही झालं. लग्नानंतर लातूर की नांदेड, यावर. ते मिटलेलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा भांडू.

मामा, आम्ही लपूनछपून भेटत नाही. दुसऱ्या शनिवारी, दिवसाढवळ्या, स्टँडसमोर भेटतो. निलंग्यात कुणी विचारलं, तुमच्या भाच्याचं काय चाललंय, तर सांगा की तो आणि नांदेडची एक मुलगी लग्नाचा विचार करून राहिले, जूनमध्ये सांगतील. हे सांगायला तुम्हाला जड जाईल. पहिल्यांदा मलाही जड गेलं, दुसऱ्यांदा कमी.

जूनमध्ये आमचं 'नाही' झालं तर मी स्वतः निलंग्याला येऊन तुम्हाला आणि धम्मदीपच्या बाबांना तोंडावर सांगेन. फोनवर नाही. 'हो' झालं तरी मीच येणार, आईला घेऊन, आधी कळवून. तेव्हा पोहे तुमच्याकडे. मुलाला बाहेर बोलवा, समोर बसवा. नाव विचारणार नाही, माहीत आहे. फक्त त्याला मान वर करून बसायला सांगा.

निघताना माझी बस लागली होती. मी त्याला शेवटचं विचारलं, "जूनपर्यंत, हे सगळं, असंच?"

तो म्हणाला, "हाव."

मी बसच्या पायरीवरून खाली उतरले आणि म्हणाले, "हाव म्हणजे काय, ते सांग."

बस गेली. त्याने सांगितलं.

आपली नम्र,
लुंबिनी